१/x खालच्या क्षेत्रफळातून लॉग उभा करताना: प्रकल्प नोंदी

२ मे

काम ठरलं. लॉगचे नियम आपण शाळेत पाठ केले, कोष्टकं वापरली, पण ते नियम येतात कुठून हे मला कधीच नीट दिसलं नव्हतं. म्हणून नैसर्गिक लॉगची व्याख्याच क्षेत्रफळ म्हणून करायची: y = १/x हा वक्र काढायचा आणि १ पासून x पर्यंत त्याच्याखाली जेवढी जागा येते, तिला लॉग म्हणायचं. घातांक, पाया, ‘कितवा घात’ यातलं काहीच गृहीत धरायचं नाही. त्या जागेतूनच सगळे नियम निघतात का ते पाहायचं.

आलेख कागद आडवा धरला. दोन्ही अक्षांवर ५ सेंटिमीटर म्हणजे १ असं प्रमाण घेतलं. त्यामुळे एकक चौरसात मिलिमीटरचे २५०० बारीक चौकोन येतात. हे प्रमाण दोन्ही अक्षांवर सारखंच ठेवा. पहिल्या कागदावर मी y अक्षाला दुप्पट प्रमाण दिलं होतं, वक्र ऐटदार दिसावा म्हणून. मग मोजलेल्या चौकोनांना २५०० ने भागत बसलो आणि सगळी उत्तरं दुप्पट आली. त्यात एक संध्याकाळ गेली.

३ मे

आजचा दिवस जवळजवळ वाया गेला, पण का गेला ते लिहून ठेवतो.

क्षेत्रफळ मोजायचं तर ० पासून मोजू, असं सहज वाटलं. वक्र ० च्या जवळ जाताना कागदाच्या वरच्या कडेतून बाहेर निघून जातो. मला वाटलं, शेवटचा सुळका फार अरुंद आहे, त्यात कितीशी जागा असणार? अंदाजाने भर घालू.

तशी भर घालता येत नाही. १/२ पासून १ पर्यंतची जागा घ्या. तिथे वक्र कुठेही १ च्या खाली जात नाही, म्हणून १/२ रुंद आणि १ उंच असा आयत त्यात पूर्ण मावतो. म्हणजे निदान १/२ जागा. आता १/४ पासून १/२ पर्यंत पाहा. रुंदी निम्मी झाली, पण तिथे वक्र २ च्या खाली जात नाही, म्हणून आयत १/४ रुंद, २ उंच. पुन्हा १/२. त्याच्या डावीकडे पुन्हा १/२. सुळका अरुंद होत जातो तेवढाच उंच होत जातो आणि दर टप्प्याला निदान अर्धं एकक पदरात टाकतो. बेरीज कुठेच थांबत नाही.

म्हणून सुरुवात १ पासून. तेव्हा हा नुसता सोयीचा आकडा वाटला होता. पुढे कळलं की दुसरा कुठलाही आकडा चाललाच नसता.

५ मे

१ ते २ ही जागा मोजली. एकेक मिलिमीटरचा उभा स्तंभ घेऊन पूर्ण चौकोन मोजायचे आणि वक्राने कापलेले अर्धे धरायचे. पन्नास स्तंभ, सव्वा तास. बेरीज १७४१ आली, म्हणजे ०.६९६४.

मग २ ते ४ मोजलं. तिथे स्तंभ शंभर, पण ठेंगणे. बेरीज १७२६, म्हणजे ०.६९०४.

दोन्ही आकडे इतके जवळ आले की मी थबकलो. पण ते सारखे नव्हते, आणि कापलेले चौकोन ‘अर्धे’ धरण्यात किती चूक शिरते हे मला सांगता येत नव्हतं. चौकोन मोजून ‘जवळजवळ सारखे’ एवढंच कळतं. खरंच सारखे की योगायोग, हे कळायला दुसरी पद्धत हवी.

६ मे

रात्री ताईला वही दाखवली. ती गणित शिकवते. तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं: ‘ln(ab) = ln a + ln b, कारण a आणि b हे e चे घात म्हणून लिहिले की घातांकांची बेरीज होते.’

तिने पेन्सिलीने e खाली रेघ मारली. “हा कुठून आला?”

“e म्हणजे २.७१८...”

“ते मला माहीत आहे. तुझ्या वहीत कुठून आला ते विचारते आहे. तुझ्याकडे आत्ता फक्त एक वक्र आणि त्याच्याखालची जागा आहे.”

तिचं बरोबर होतं. जे सिद्ध करायचं होतं तेच मी मागच्या दाराने आत घेतलं होतं. पाच पानं खोडली. त्यानंतर ln हे नावच वापरायचं बंद केलं आणि या क्षेत्रफळाला नुसतं L(x) म्हणायला लागलो. ln लिहिलं की हात आपोआप शाळेतले नियम वापरायला लागतो. L लिहिलं की प्रत्येक वेळी ‘हे मला कसं माहीत?’ असं विचारावं लागतं. हे काम कोणी करणार असेल तर पहिल्या दिवसापासून दुसरं अक्षर वापरा.

८ मे

चौकोन सोडून पट्ट्यांवर आलो. १ ते २ या अंतराचे दहा सारखे भाग केले, रुंदी ०.१. प्रत्येक भागावर दोन आयत: एक वक्राच्या आत मावणारा, एक वक्राला झाकणारा. वक्र उतरता असल्याने आतल्या आयताची उंची उजव्या टोकाला मिळते, बाहेरच्याची डाव्या टोकाला.

आतल्या आयतांची बेरीज १/११ + १/१२ + ... + १/२० = ०.६६८७७१.
बाहेरच्यांची १/१० + १/११ + ... + १/१९ = ०.७१८७७१.

L(२) या दोन आकड्यांच्या मध्ये आहे, आणि यात अंदाज कुठेच नाही. फरक बरोबर ०.०५ आला. तो तसाच यायला हवा: दोन बेरजांमध्ये पहिलं आणि शेवटचं पद सोडून सगळी पदं समान आहेत, म्हणून फरक १/१० − १/२०. भाग वाढवले की फरक हवा तेवढा लहान होतो. हजार भागांसाठी छोटा प्रोग्रॅम लिहिला:

```
n = 1000
kami = sum(1/(n+k) for k in range(1, n+1))
jast = sum(1/(n+k) for k in range(0, n))
print(kami, jast)
```

उत्तर ०.६९२८९७ आणि ०.६९३३९७. माझे १७४१ चौकोन थोडे जास्तच मोजले गेले होते, हेही यावरून कळलं.

९ मे

या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२ ते ४ साठीही दहा पट्ट्या केल्या. रुंदी ०.२. आतल्या आयतांच्या उंच्या १/२.२, १/२.४, ... १/४. त्यांना ०.२ ने गुणलं आणि बेरीज मांडली: १/११ + १/१२ + ... + १/२०.

मला वाटलं, कालचाच तक्ता चुकून उतरवला. पान उलटून पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. मग पहिली पट्टी एकटी घेऊन बसलो. काल ती ०.१ रुंद आणि १/१.१ उंच होती. आज ०.२ रुंद आणि १/२.२ उंच आहे. रुंदी दुप्पट झाली, उंची निम्मी झाली, क्षेत्रफळ तेच राहिलं. हे प्रत्येक पट्टीचं आहे, कारण उजव्या टोकाचा x दुप्पट झाला की १/x निम्मा होतोच.

म्हणजे दोन जागा योगायोगाने सारख्या नाहीत. १ ते २ ची जागा आडवी दुप्पट ताणा आणि उभी निम्मी दाबा, की ती २ ते ४ च्या जागेवर चपखल बसते. वक्र स्वतःवरच सरकतो.

इथे २ ला काही खास मान नाही. कोणताही धन a घ्या. १ ते b च्या पट्ट्या a पट ताणल्या आणि a पट दाबल्या की a ते ab च्या पट्ट्या होतात, आणि एकाही पट्टीचं क्षेत्रफळ बदलत नाही. आतल्या बेरजा त्याच, बाहेरच्या बेरजा त्याच, आणि दोन्ही जागा त्याच बेरजांच्या कात्रीत सापडतात. कात्री हवी तेवढी मिटवता येते, म्हणून जागा समान.

आता १ ते ab ही जागा a पाशी कापा. डावा तुकडा १ ते a, म्हणजे L(a). उजवा तुकडा a ते ab, आणि तो १ ते b इतकाच आहे, म्हणजे L(b). तेव्हा

L(ab) = L(a) + L(b).

गुणाकाराची बेरीज होते ती या एका कापामुळे. घातांकाचं नावही घ्यावं लागलं नाही.

३ मे ची नोंद पुन्हा वाचली. ० कडे जाताना दर टप्प्याला निदान अर्धं एकक मिळत होतं. आता दिसतं की ते टप्पे हुबेहूब समान आहेत, प्रत्येक L(२) एवढा. आणि सुरुवात १ पासूनच का, तेही: नियमात a = b = १ घातलं की L(१) = २L(१) येतं, म्हणून L(१) शून्यच हवं. क्षेत्रफळ जिथून मोजायला सुरुवात करतो तिथेच ते शून्य असतं.

ताईने सांगितलं की हे ताणणं-दाबणं जुनं आहे. ग्रेगरी द सेंट व्हिन्सेंट या जेझुइट गणितज्ञाने १६४७ मध्ये अपास्ताखालच्या, म्हणजे १/x च्या याच वक्राखालच्या क्षेत्रफळांबद्दल हेच छापलं: अंतरं गुणोत्तरात वाढली की क्षेत्रफळं समान राहतात. पण हे लॉगसारखं वागतं, हे १६४९ मध्ये त्याच्या शिष्याने, डी सारासाने, दाखवून दिलं. नेपिअरची लॉगची कोष्टकं तर १६१४ मध्येच आली होती. म्हणजे कोष्टकं आणि वक्र पस्तीस वर्षं शेजारीशेजारी होते. मला एका तक्त्यावरून दुसऱ्या तक्त्यावर यायला एक दिवस लागला, तोही आपण काय शोधतो आहोत हे आधीच माहीत असताना.

१० मे

खात्री म्हणून उलट प्रयोग केला. वक्र १/x ऐवजी १/x² घेतला. इथे रुंदी दुप्पट केली की उंची चौथाई होते, म्हणजे प्रत्येक पट्टी निम्मी होते. १ ते २ ची जागा १/२, २ ते ४ ची १/४. समानता गेली, नियमही गेला. कालचं सगळं काम ‘दुप्पट’ आणि ‘निम्मी’ यांच्या बरोबर फिटण्यावर उभं आहे.

१२ मे

नियम १ पेक्षा लहान आकड्यांवर तपासताना मोडला. १/२ ते १ ची जागा मोजली, ०.६९ आली, आणि L(१/२) = ०.६९ असं लिहून मोकळा झालो. मग १/२ × २ = १ तपासलं. डावीकडे L(१) = ०, उजवीकडे ०.६९ + ०.६९. दोन तास पट्ट्यांमध्ये चूक शोधली. पट्ट्यांमध्ये चूक नव्हतीच.

चूक दिशेत होती. व्याख्या ‘१ पासून x पर्यंत’ अशी आहे. x जर १ च्या डावीकडे असेल तर चाल उलटी होते आणि जागा वजा धरायची. मी क्षेत्रफळ म्हटलं की धनच, ही सवय सोडली नव्हती. वजा धरलं की L(१/२) = −०.६९ आणि हिशेब जुळतो. खरं तर नियमानेच हे भाग पडतं: L(a) + L(१/a) = L(१) = ०, म्हणून L(१/a) = −L(a). त्यातून भागाकाराचा नियम एका ओळीत येतो, L(a/b) = L(a) − L(b).

९ मे चा काप b लहान असतानाही चालतो का, हे तेव्हा पाहिलं नव्हतं. आज पाहिलं. b < १ असेल तर ab हा a च्या डावीकडे येतो. मग a पर्यंत जायचं आणि a ते ab एवढं मागे यायचं. मागे येतानाची जागा वजा, आणि तीच L(b). नियम तसाच राहतो.

१३ मे

घाताचा नियम सोपा गेला. L(a²) = L(a) + L(a), असंच पुढे L(aⁿ) = nL(a). मुळासाठी उलटं वाचायचं: a च्या q व्या मुळाचे q वेळा गुणाकार केले की a येतो, म्हणून q × L(मूळ) = L(a). अपूर्णांक घात असे उरकले.

याचाच एक परिणाम: L(२ⁿ) = nL(२), आणि L(२) निदान १/२ आहे, म्हणून L हव्या त्या उंचीपर्यंत पोचतो. वक्र खाली खाली जातो, तरी जागा संपत नाही.

१५ मे

आता e. या वेळी रीतसर दाराने आणायचा: ज्या आकड्यापाशी जागा बरोबर १ होते तो e. जागा तुटक उड्या न मारता वाढत जाते आणि १ च्या पुढे जाते, म्हणून असा आकडा आहे आणि एकच आहे. पण तो कुठे आहे ते पट्ट्यांनीच दाखवायचं ठरवलं, २.७१८ आठवायचं नाही.

अर्ध्या रुंदीच्या पट्ट्या घेतल्या. १ ते ३ च्या आतल्या आयतांची बेरीज १/३ + १/४ + १/५ + १/६ = ०.९५. ही १ पेक्षा कमी आली, पण आतली बेरीज कमी असल्याने L(३) बद्दल काहीच सिद्ध होत नाही. मी क्षणभर ‘म्हणजे e हा ३ च्या पुढे’ असं लिहिलंही होतं. आतल्या बेरजेवरून ‘यापेक्षा जास्त’ एवढंच म्हणता येतं, बाहेरच्या बेरजेवरून ‘यापेक्षा कमी’ एवढंच. ही गल्लत फार सहज होते.

पाव रुंदी घेतल्यावर काम झालं. १ ते ३ च्या आतली बेरीज:

१/५ + १/६ + ... + १/१२ = १.०१९८...

म्हणून L(३) > १. आणि १ ते २.५ च्या बाहेरची बेरीज:

१/४ + १/५ + १/६ + १/७ + १/८ + १/९ = ०.९९५६...

म्हणून L(२.५) < १. तेव्हा e हा २.५ आणि ३ यांच्या मध्ये. सहा आणि आठ अपूर्णांक, कागद-पेन्सिल पुरे. दुसरी बेरीज १ च्या इतकी जवळ येऊन थांबते की ती मी तीनदा तपासली.

१७ मे

L किती वेगाने वाढतो? x पासून x + h पर्यंत एकच पातळ पट्टी घ्या. ती h/x पेक्षा कमी आणि h/(x + h) पेक्षा जास्त. h ने भागा आणि h लहान करा, दोन्ही कडा १/x वर येऊन मिळतात. म्हणजे वाढीचा वेग १/x. पहिल्या खेपेला मी फक्त वरची कड लिहिली होती. त्यावरून वेग १/x पेक्षा जास्त नाही एवढंच ठरतं. h ऋण असेल तर कडा अदलाबदल होतात, तेही तपासून घ्या.

हाती वेग आला म्हणून गुणाकाराचा नियम दुसऱ्या वाटेने तपासला. a स्थिर ठेवून L(ax) चा वेग काढला तर a × १/(ax) = १/x, म्हणजे L(x) इतकाच. वेग सारखे, तेव्हा फरक स्थिर, आणि x = १ घातलं की तो फरक L(a). यात पुढे आलेला a आणि छेदातला a एकमेकांना खातात, तेच ९ मे चं ताणणं आणि दाबणं. ही वाट लहान आहे, पण मी आधी हिच्यावरून गेलो असतो तर ते पट्ट्यांमध्ये दिसलं नसतं.

२० मे

तीन दिवस अडलो होतो. L(a^r) = rL(a) हे r = √२ साठी सिद्ध करायला बसलो. पूर्णांकाची युक्ती चालेना, मुळाची चालेना. शेवटी ताईनेच विचारलं, “२ चा √२ वा घात म्हणजे तू नेमकं काय म्हणतोस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. २ स्वतःलाच √२ वेळा गुणायचा याला अर्थ नाही. ज्या गोष्टीची व्याख्याच झालेली नाही तिच्याबद्दल मी नियम सिद्ध करत होतो.

दुरुस्ती अशी. L सतत वाढतो आणि सगळ्या किमती घेतो, म्हणून तो उलटा वाचता येतो: जागा सांगा, आकडा मिळतो. ज्याची जागा √२ × L(२) आहे त्या आकड्याला २ चा √२ वा घात म्हणायचं. अपूर्णांक घातांना ही व्याख्या जुन्या अर्थाशी जुळते, कारण ते १३ मे ला सिद्ध केलंच आहे. नवीन घातांना तीच व्याख्या. म्हणजे जो नियम मी सिद्ध करायला धडपडत होतो तो इथे व्याख्या होऊन बसला.

२१ मे

५ मे चा कागद पुन्हा काढला. √२ × ०.६९३१५ = ०.९८०३, म्हणजे २ चा √२ वा घात e च्या किंचित अलीकडे पडायला हवा. अपूर्णांक घातांनी चिमटा लावला: २ चा १.४१ वा घात २.६५७, १.४२ वा २.६७६. हव्या आकड्याची जागा या दोघांच्या जागांच्या मध्ये, म्हणून तोही त्यांच्या मध्ये. आणखी बारीक केल्यावर २.६६५. कागदावर शून्यापासून १३.३ सेंटिमीटरच्या जरा पुढे रेघ मारली आणि १ पासून तिथपर्यंतचे चौकोन मोजले, पूर्वीसारखेच, एकेक स्तंभ करून. हिशेबाने २४५१ यायला हवे होते. माझे २४५८ आले.